गोदाआज्जींचा पिन आणि टँकरचे साडेतीनशे

वैशाली, ए-302 (रात्री 8:12)
गोदाआज्जींचं व्हिडिओ कॉलचं ॲप बंद पडलंय अन् उद्या ओवीचा पाचवा वाढदिवस. मेलबर्नला संध्याकाळी 6 ला केक, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीड. औक्षणाचं ताट आताच काढून ठेवलंय, फोन टेकवायला तांब्यासुद्धा घासून ठेवला. बाई रडकुंडीला आलीय.

जाधव सर, बी-101 (8:14)
ॲप डिलीट करून परत टाका.

मुंडे काका, खजिनदार (8:15)
जुलै टँकरचे 350 रु. 9 घरांकडून येणे आहे. कृपया सहकार्य करावे.

वैशाली (8:17)
सर, तीनदा झालं ते. मंगळवारी नवा फोन घेतला, सिम त्यात टाकलं. मेसेजवर सहा आकडे आले, ते घेतले. आता परत सहा आकडे मागायलंय. तेच टाकले तर चूक म्हणतंय.

निखिल, सी-203 (8:25)
वहिनी, हा ओटीपी नाही, पिन आहे. दोन्ही सहाच आकडी, म्हणून घोळ होतो. ओटीपी दर वेळी नवा येतो, पिन आपण एकदा ठेवलेला असतो. दिवाळीत ज्येष्ठांच्या बैठकीत मीच सगळ्यांना लावून दिला होता. कोणी गोड बोलून ओटीपी काढून घेतला तरी पिनशिवाय खातं दुसऱ्या फोनवर उघडत नाही. तो नंबराला चिकटलेला असतो, ॲप काढून काही होणार नाही. आणि अंदाजे आकडे टाकू नका, दर चुकीला थांबायची वेळ वाढते.

वैशाली (8:27)
आताच दीड तास थांबा म्हणतंय. पिन काय ठेवला होता मग?

निखिल (8:28)
मी मान वळवली होती.

देशपांडे काकू, ए-104 (8:30)
कागदावर लिहून पंचांगात ठेवला होता त्यांनी. पाडव्याला पंचांग बदललं, जुनं रद्दीत गेलं.

जाधव सर (8:31)
ओटीपी येत नसेल तर मिरजेहून रेल्वेनं मागवा. 2016 ला पाणी आलंच की लातूरला 😂

देशपांडे काकू (8:32)
सर, ओटीपी आलाय. आधी वाचत जा.

मुंडे काका, खजिनदार (8:33)
पाण्याचा विषय निघालाच आहे तर, 350 रु.

कदम, सचिव (8:40)
माझ्या फोनवरून लावून द्या आज्जींना. उद्या मी घरीच आहे.

वैशाली (8:43)
मी पण तेच म्हणलं दादा. म्हणल्या, लोकाच्या फोनवर मोकळं रडताबी येत नाही.

निखिल (8:51)
'पिन विसरलात?' दाबा. तिथं दोन वाटा आहेत. पिनसोबत ईमेल जोडलेला असेल तर त्यावर लिंक येते, तासाभरात काम होतं. नसेल तर सात दिवस थांबायचं.

वैशाली (8:58)
दाबलं. ईमेल पाठवू का विचारायलंय. म्हणजे जोडलेला आहे. पण आज्जींना कुठला आला ईमेल?

निखिल (9:04)
😬 बऱ्याच जणांकडे नव्हता, म्हणून त्या दिवशी सोसायटीचाच टाकला होता.

कदम, सचिव (9:05)
त्याचा पासवर्ड माझ्याकडे नाही. मार्चपासून मागतोय. मागच्या समितीनं दप्तर दिलं, पासवर्ड दिला नाही. सगळ्यांना माहीत आहे.

पाटील, माजी सचिव (9:11)
लेखी पोच द्या, पासवर्ड घ्या, असं मी तेव्हाच म्हणलो होतो. पोच आली नाही. हेही सगळ्यांना माहीत आहे.

कदम, सचिव (9:12)
ग्रुपवर हा विषय नको पाटील साहेब.

पाटील, माजी सचिव (9:12)
तुम्हीच काढला.

जाधव सर (9:14)
फोन बंद करून चालू केला का?

वैशाली (9:20)
दोघांच्या पाया पडते. पाच वर्षांचं लेकरू तिकडं वाट बघायलंय आणि तुम्ही पोच काय करूलालाव?

*(इथून पुढं 50 मिनिटं ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. मुंडे काकांनीसुद्धा.)*

पाटील, माजी सचिव (10:10)
वहिनी, आज्जींना झोपू देऊ नका. मेल उघडलाय, लिंक अजून आली नाही.

निखिल (10:11)
स्पॅममध्ये बघा काका.

पाटील, माजी सचिव (10:16)
सापडली. तिथं सोसायटीची वीजबिलंसुद्धा पडलीत, कोणी बघत नाही वाटतं. असो. लिंक दाबून होकार दिला. आता फोनवर पिन काढून टाका.

वैशाली (10:31)
झालं!! आज्जींना नवा पिन ठेवायला लावलाय, ईमेल त्यांच्या लेकाचा जोडला. पाटील काका, आज्जींनी बेसनाचा लाडू पाठवलाय, दार उघडा.

कदम, सचिव (10:33)
पोच उद्या सकाळी पाठवतो.

गोदाआज्जी, ए-301 (दुसऱ्या दिवशी, दुपारी 2:20)
ओवी बोलली. दात पडलाय तिचा फुडचा. निरांजन ओवाळताना मोबाईलची काच तापली जराशी. समद्याला आशीर्वाद. नवा पिन टँकरवाल्याच्या नंबराचे शेवटचे सहा आकडे ठिवलाय, म्या इसरले तर हितं कोणीबी सांगंल.

निखिल (2:21)
आज्जी!!! डिलीट करा ते!

मुंडे काका, खजिनदार (2:24)
आता 4 घरे बाकी.