मदत हवी आहे: टीव्हीवर पांढरा रंग निळसर दिसतो, Warm2 केलं की पिवळा. खरा कुठला?

दुपारची_झोप:
नवीन टीव्ही येऊन तीन आठवडे झाले. चित्र स्वच्छ आहे, पण पांढरं काही आलं की त्याला निळीची झाक असते, नीळ जास्त पडलेल्या कपड्यासारखी. बातम्या देणाऱ्याचा शर्ट निळसर आणि त्याचा चेहरा आजारी माणसासारखा. मेनूत Color Tone सापडलं, त्यात Cool, Standard, Warm1, Warm2 असे चार पर्याय आहेत. Warm2 केल्यावर घरात एकच गलका, "जुन्या वर्तमानपत्रासारखं झालंय!" बाबांनी पुन्हा Cool केलं. सध्या तह म्हणून Standard वर आहे. यातला बरोबर कुठला? दुसरं म्हणजे, सेट टॉप बॉक्सवर केलेला बदल टीव्हीतल्या ॲपवर लागू होत नाही. तिथे सगळं पुन्हा निळं.

खटपट्या:
सोपं आहे. पांढरा कोरा कागद पडद्याशेजारी धरा आणि जो पर्याय कागदाशी जुळेल तो ठेवा. तरीही निळं वाटलं तर Red Gain वाढवा. मी तसंच केलंय, झकास दिसतं.

चष्मिष्ट:
खटपट्या, कल्पना चांगली आहे, पण कागद त्या खोलीतल्या दिव्याचा रंग घेतो. पिवळसर दिवा असेल तर कागदही पिवळसर, मग त्याच्याशी जुळवलेला टीव्ही गरजेपेक्षा पिवळा होणार. कागद वापरायचाच तर ६५०० केल्विनच्या दिव्याखाली धरा. बल्बच्या खोक्यावर आकडा असतो.

हा ६५०० आकडा मी हवेतून आणलेला नाही. चित्रपट आणि मालिकांचे रंग ज्या मॉनिटरवर ठरवतात, त्यावर पांढरा रंग साधारण ६५०० केल्विनला लावलेला असतो. बहुतेक टीव्हींवर त्याच्या सर्वांत जवळ Warm2 येतं. कुठे त्याला Expert1 म्हणतात, कुठे Warm 50. Cool मधला पांढरा १०,००० केल्विनच्याही पुढे जाऊ शकतो. आकडा वाढला की रंग निळा होतो, इथे बरेच जण उलटं समजतात. दुकानातल्या लखलखाटात निळसर पांढरा जास्त उजळ वाटतो, म्हणून टीव्ही खोक्यातून बाहेर येतो तोच त्या बाजूला झुकलेला.

आता पिवळं का वाटलं? डोळे तीन आठवडे निळ्याला पांढरा समजायला शिकलेत. Cool आणि Warm2 आलटून पालटून बघाल तर Warm2 दर वेळी हरणार. संध्याकाळी एकदा लावा आणि तीन-चार दिवस रिमोट लपवा. मग पुन्हा Cool करून बघा, बर्फाच्या पेटीत डोकं घातल्यासारखं वाटेल.

माजघर:
डोळ्यांना त्रास होत असेल तर टीव्हीत डोळ्यांच्या आरामासाठी एक मोड असतो, तो लावा. निळा प्रकाश कमी होतो. आमच्या सासूबाईंना खूप बरं वाटतं.

चष्मिष्ट:
माजघर, प्रश्न डोळ्यांच्या त्रासाचा नाहीये हो :) पण बरं झालं आठवण केलीत. दुपारची_झोप, तो मोड तुमच्याकडे चालू नाही ना? तो चालू असताना Warm2 केलं तर पिवळ्यावर पिवळं चढतं. खोलीतला उजेड पाहून चित्र आपोआप बदलणारी सोयही बंद करा, नाहीतर सकाळी लावलेला रंग रात्री वेगळा दिसेल.

दुपारची_झोप:
चालू होता!! पहिल्या दिवशी सेटअप करताना विचारलं होतं, मी होय म्हणाले असणार. बंद केला. आता Warm2 वर्तमानपत्र नाही, फार तर साय. ॲपचं काय करू?

चष्मिष्ट:
बऱ्याच टीव्हींमध्ये प्रत्येक इनपुटची आणि प्रत्येक पिक्चर मोडची सेटिंग वेगळी साठवली जाते. एचडीआर कार्यक्रम लागला की तर तिसराच संच पुढे येतो. म्हणून ॲपमध्ये कार्यक्रम चालू असताना मेनू उघडा, पिक्चर मोड Movie किंवा Filmmaker करा आणि Color Tone बघा. या मोडमध्ये ते बहुधा आधीच Warm2 असतं. एचडीआर कार्यक्रम लावून पुन्हा तेच. काही टीव्हींवर भडक मोडमध्ये Warm चे पर्याय दिसतच नाहीत, तेव्हा आधी मोड बदलायचा.

रानवारा:
माझ्याकडे सहा वर्षांचा एलईडी टीव्ही आहे. डाव्या कोपऱ्यात मोठा निळा-जांभळा डाग पडलाय, उरलेला पडदा ठीक. Warm2 केलं तर बाकीचं पिवळं होतं, डाग तसाच. काय करू?

चष्मिष्ट:
तुमचं दुखणं वेगळं आहे. मागच्या एलईडी मुळात निळ्या असतात, त्यांच्यावरच्या पिवळसर लेपामुळे प्रकाश पांढरा होतो. लेप जळाला की आतला निळा उघडा पडतो. मेनू सगळा पडदा एकसारखा बदलतो, एक कोपरा नाही. बॅकलाइटच्या पट्ट्या बदलणं हाच उपाय.

दुपारची_झोप:
पाच दिवस झाले. ॲपवरही Warm2 केलं. काल एक कृष्णधवल चित्रपट लावून थांबवला. राखाडी भिंत राखाडी दिसते, पण खिडकीतून येणारा झगझगीत उजेड अजून किंचित निळा. Red Gain वाढवू का?

चष्मिष्ट:
लाल वाढवू नका. रंग आधीच कमाल पातळीजवळ असेल तर तो पुढे जाऊच शकत नाही, ढगांमधले बारकावे पुसले जातात आणि पांढऱ्यावर गुलाबी छटा येते. निळा कमी करा. पांढऱ्याच्या उजेडात निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के, त्यामुळे चित्र अंधारणार नाही. White Balance मध्ये B-Gain एकेक अंकाने खाली आणा, दर वेळी मिनिटभर थांबा. Gain उजळ भागांसाठी असतो, Offset गडद भागांसाठी. तुमची भिंत ठीक आहे, तेव्हा Offset ला हात नको. आणि दुसरा एखादा कृष्णधवल चित्रपटही लावून बघा, काहींना मुद्दाम तपकिरी झाक दिलेली असते.

खटपट्या:
माझ्याकडे ढग गुलाबी दिसतात खरे. मला वाटलं सूर्यास्ताचा सीन आहे. इंटरनेटवर माझ्या मॉडेलचे तयार आकडे मिळतात, ते घालू का?

चष्मिष्ट:
मोड आणि Color Tone जरूर उचला. Gain चे आकडे नको, एकाच मॉडेलचे दोन पॅनेल सारखे नसतात. अगदी नेमकं हवं असेल तर मोजणारं यंत्र लागतं. फोनच्या कॅमेऱ्याने तपासू नका, तो स्वतःच पांढरा रंग दुरुस्त करतो.

दुपारची_झोप:
B-Gain शून्यावरून उणे ४ वर थांबवला. उणे ६ ला खिडकी पिवळी व्हायला लागली होती. शर्ट पांढरा, माणूस बरा झाला. बाबा मात्र दुपारी पडदे उघडे असले की अजून "पिवळं" म्हणतात.

माजघर:
मग दिवसा त्यांना Standard ठेवू द्या की.

चष्मिष्ट:
खिडकीतला उजेड निळसर असेल तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. दोन मोड वेगळे ठेवा, दिवसाचा Standard आणि रात्रीचा Warm2. मी स्वतः दिवसाही Warm2 च ठेवतो, कारण चेहऱ्यांचे रंग त्यातच पटतात.

दुपारची_झोप:
तसंच केलंय. आता बाबा रात्रीही दिवसाचा मोड लावून बसतात.