बाप्पाला डब्यातलं दिसतं, हे मुलांना शिकवतं कोण?

पर्वतीपायथा: आम्ही दोघं देवपूजा करत नाही, पण स्वतःला नास्तिकही म्हणवत नाही. सासूबाईंकडे दीड दिवसाचा गणपती असतो, तेवढाच. मुलगी साडेचार वर्षांची आहे. परवा म्हणाली, "बाप्पाला डब्यातलं पण दिसतं." आम्ही असं काही कधी सांगितलेलं नाही. हे येतं कुठून? घरातून, चौकातल्या मंडळातून, की मुलांच्या डोक्यात ते आधीच असतं?

अर्धाकप: आधीच असतं. जस्टिन बॅरेट आणि सहकाऱ्यांचा २००१ चा प्रयोग आहे. बिस्किटांच्या खोक्यात खडे भरून ठेवायचे, मुलाला उघडून दाखवायचे, परत बंद करायचं आणि विचारायचं: आईनं हे खोकं पाहिलं तर आत काय आहे असं तिला वाटेल? देवाला काय वाटेल? तीन वर्षांची मुलं दोघांच्याही बाबतीत "खडे" म्हणतात. पाच-सहा वर्षांची म्हणतात, आई फसेल, देव फसणार नाही. म्हणजे माणूस फसतो हे शिकावं लागतं, देव फसत नाही हे शिकावं लागत नाही. विषय संपला.

मेतकूट: इतक्यात नाही संपत. तीन वर्षांच्या मुलाला आई, देव, शेजारचे काका, सगळेच सर्वज्ञ वाटतात, कारण आपल्याला माहीत ते सगळ्यांना माहीत असा त्याचा हिशेब असतो. त्याला देवाची कल्पना म्हणता येत नाही. खरी गंमत मधल्या काही महिन्यांत आहे. लेन, वेलमन आणि इव्हान्स यांनी २०१० मध्ये वयाचे टप्पे बारीक करून पाहिले. माणूस फसू शकतो हे नुकतंच कळलेली मुलं देवालाही फसवून मोकळी होतात, "देवालापण बिस्किटंच वाटतील" म्हणतात. देव वेगळा, ही समज त्यानंतर येते. २०१२ मध्ये त्याच तिघांनी धार्मिक शिक्षण मिळणारी मुलं घेतली, तर त्यांच्यात हा फरक लवकर दिसला. म्हणजे कुणीतरी सांगतंय, दाखवतंय.

घरी करून बघायचं तर चित्र छापलेलं बिस्किटांचं खोकं घ्या. आत काय असेल विचारा, उघडून खडे दाखवा, बंद करा. मग लगेच आजीवर जाऊ नका. आधी विचारा, "उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?" यावरही "खडे" म्हणाली तर थांबा, पुढच्या उत्तरांना अर्थ नाही. "बिस्किटं" म्हणाली तर आजीचं विचारा, मग बाप्पाचं, मधे शेजारच्या मांजराचंही. मांजरालाही खडे माहीत असतील म्हणाली, तर ते बाप्पाचं वैशिष्ट्य नव्हे. "बाप्पाला तर सगळं कळतं ना?" असं तोंडातून गेलं की प्रयोग फुकट. आणि एका मुलीचं एकदाचं उत्तर म्हणजे नाणं उडवल्यासारखं. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून विचारा.

खडकीकर: हे खोकं-खडे राहू द्या. आमच्या घरात देव्हारासुद्धा नाही, तरी पोरगा दहा दिवस मंडपातून हलत नाही, अख्खी आरती पाठ आहे त्याची. सगळं मंडळातून येतं. घराचा काडीचा संबंध नाही.

मेतकूट: आरती पाठ होणं आणि बाप्पा खरा वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्ये मांडलं की मूल मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा ते त्यासाठी काय सोसतात ते पाहतं. आजी संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहते, पाय दुखत असतानाही उकडीचे मोदक वळत बसते. बोलणं फुकट असतं, उपास फुकट नसतो. मंडपात मुलाला ढोल आणि प्रसाद दिसतो, किंमत मोजणारं जवळचं माणूस क्वचितच दिसतं. म्हणून पर्वतीपायथा, दीड दिवस कमी समजू नका.

निवृत्त_नारायण: मुंज आठव्या वर्षी करावी असं शास्त्र आहे. साडेचार फार लवकर होतं. घाई करू नये.

खडकीकर: काका, धागा मुंजीचा नाही.

चौकसबाई: मेतकूट, तुमच्या सोसण्याच्या सिद्धांताला मोठी खोट आहे. त्यावरची बरीचशी आकडेवारी मोठ्या माणसांना "लहानपणी आईवडील धर्म किती पाळायचे?" असं विचारून मिळवलेली आहे. आज जो श्रद्धाळू आहे त्याला घर जास्त सोवळं आठवणार, हे उघड आहे. शिवाय तिकडच्या अभ्यासांत धर्म म्हणजे मानणं. आपल्याकडे मुलाच्या वाट्याला आधी करणं येतं.

पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांचं २००६ चं काम मला जास्त पटतं. मुलांनी जंतू पाहिलेले नसतात, देवही नाही, तरी जंतूंबद्दल ती देवापेक्षा जास्त ठाम असतात. एक कारण असं सुचवलं जातं की जंतूंवर विश्वास ठेव असं कुणी म्हणत नाही, "हात धू" म्हणतात. विश्वासाचा उल्लेख आला की दुसरी बाजू असू शकते हा वास मुलांना लागतो. आता पुण्यातल्या घरात कान द्या. "देवावर विश्वास ठेव" कोण म्हणतं? "चपला बाहेर काढ," "उष्टं करू नकोस, अजून नैवेद्य दाखवायचाय." उष्टं नको म्हटलं की खाणारा कुणीतरी आहे हे न बोलता आलंच. डब्यातलं दिसतं हे मला त्यातूनच आलेलं वाटतं. झाकलेल्या डब्यातल्या मोदकालाही हात लावू देत नाहीत ना?

आणि खडकीकर अगदीच चूक नाहीत. हेरमान, लेगार आणि मंडळींनी २०१३ मध्ये दाखवलं की दोन माणसं एकाच वेळी तीच कृती करताना दिसली आणि "हे असंच करतात" असं सांगितलं, तर मुलं जास्त काटेकोर नक्कल करतात, का ते न विचारता. वीस जण एका तालात टाळ्या वाजवतात तिथे हेच होतं. म्हणून "संकटी पावावे"चं "संकष्टी" होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं. अर्थ कुणी तपासलेलाच नसतो. याउलट उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, तेव्हा मूल हटकून "का?" विचारतं, कारण ते एकटे बाबाच करतात. तिथे घरच्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि कल्पना त्या उत्तरातून येते.

मेतकूट: आठवणीच्या खोटीबद्दल मान्य. पण व्हर्न बेंगट्सन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांचा १९७० पासून पिढ्यान्‌पिढ्या माग ठेवला होता, तिथे निव्वळ आठवणींवर भिस्त नव्हती. आईवडिलांशी, विशेषतः वडिलांशी, जिव्हाळ्याचं नातं असेल तिथे धर्म पुढे जास्त उतरला. वडील कडक आणि दूरचे असतील तर त्यांची निष्ठा तेवढी पुढे गेली नाही. आपल्याकडे, जिथे पूजा आजीच्या हातात असते, तिथे हे कसं बसतं ते त्यावरून सांगता येणार नाही.

अर्धाकप: मधल्या वयाचं मला माहीत नव्हतं. तरी डोक्यात काहीतरी तयारी असतेच, नाहीतर एवढं पटकन रुजलं नसतं.

चौकसबाई: तयारी असेल. पण तयारी कल्पनेची की माणसांची नक्कल करण्याची?

पर्वतीपायथा: खोकं केलं. आधी काय वाटलं होतं? "बिस्किटं." आजीला काय वाटेल? "बिस्किटं." मांजराला? "मांजर बिस्किट खात नाही." बाप्पाला? बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "आधी झाकण काढून दाखवूया त्याला."