केळीच्या पानातलं अख्खं पापलेट: तवा की ओव्हन?

"अर्धा किलोचं पापलेट पानात किती वेळ ठेवायचं? तव्यावर पान करपतं, काट्यापाशी कच्चंच राहतं."

आच मोठी होतेय. जाड तवा, मंद आच, वर झाकण; प्रत्येक बाजूला ८ ते १० मिनिटं. मसाला फ्रीजमध्ये मुरवला असेल तर मासा अर्धा तास आधी बाहेर काढा, गार गाभा शिजायला उशीर लावतो. ओव्हनमध्ये २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं, फॉइललाही तेवढीच.

वजनापेक्षा जाडी बघा. पापलेट चपटं, किलोभर जाडजूड जिताड्याला ओव्हनच बरा, ३५ ते ४० मिनिटं. पाठीच्या जाड भागात सुरी घाला: मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटलं की झालं. गुलाबी, चिकटलेलं असेल तर पुन्हा गुंडाळून ५ मिनिटं.