शब्दचर्चा : ‘रेस ज्युडिकाटा’ ऊर्फ प्राङ्न्याय

शब्दफेरी
एका निकालपत्राचा मराठी अनुवाद तपासतेय. मूळ शब्द ‘रेस ज्युडिकाटा’, अनुवादकाने एकदा ‘पूर्वन्याय’ लिहिलंय, एकदा ‘प्राङ्न्याय’. दोन्ही एकच का? आणि मुळात कल्पना काय आहे? हरलेला दावा पुन्हा करता येत नाही एवढंच कळलं, पण मग अपील कसं चालतं? तेही पुन्हा तेच भांडण ना?

टाचणी
सोपं आहे. एकाच गोष्टीसाठी माणसाला दोनदा छळायचं नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्ये आहे की एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा शिक्षा नाही. तेच तत्त्व. एकदा निकाल लागला की विषय संपला.

जुना दिवाणीवाला
टाचणी, अर्धं बरोबर. दोनदा छळायचं नाही हा भाव दोन्हीकडे आहे, पण अनुच्छेद २० फौजदारीचा, आणि तो फक्त आरोपीचं रक्षण करतो. इथे आपण दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ११ बद्दल बोलतोय. ते वादी आणि प्रतिवादी दोघांनाही बांधतं. हरलेला वादी पुन्हा येऊ शकत नाही, तसंच हरलेला प्रतिवादीही पुढच्या दाव्यात जुना बचाव नव्याने काढू शकत नाही.

‘निकाल लागला की संपलं’ हेही पुरतं खरं नाही. कलम ११ दाव्याइतकंच मुद्द्याकडे बघतं. आधीच्या दाव्यात जो मुद्दा थेट आणि मुख्यत्वे वादात होता, तो त्याच पक्षकारांमध्ये (किंवा ज्यांचा हक्क त्यांच्याकडून आला अशांमध्ये, म्हणजे वारस, खरेदीदार वगैरे) सक्षम कोर्टाने ऐकून अंतिमतः ठरवला असेल, तर तो पुन्हा चालवायचा नाही. म्हणून वडील हरल्यावर मुलाने स्वतःच्या नावाने तोच दावा टाकला तरी उपयोग नसतो.

अपिलाचं म्हणाल तर ती त्याच निकालाची वरच्या कोर्टाकडून तपासणी आहे. नवा दावा म्हणजे त्या निकालाला बगल देणं. कायद्याला चालत नाही ते हे. निकाल चुकीचा वाटतो? अपिलात जा. गेला नाहीत, मुदत निघून गेली, तर तो चुकीचा निकालसुद्धा तुम्हाला बांधतो. लोकांना हे पचत नाही. आमच्या पक्षकारांनाही पचत नसे. ‘पण साहेब, जज्जसाहेबांनी कागदच नीट वाचला नाही!’ असेल, तरी बांधतो.

बखरीबाहेरचा
शब्दाबद्दल थोडं. ‘प्राङ्न्याय’ कोणी अलीकडे भाषांतरासाठी घडवलेला नाही. धर्मशास्त्रातल्या व्यवहारप्रकरणात, म्हणजे न्यायदानाच्या भागात, प्रतिवादीने द्यायच्या उत्तराचे चार प्रकार सांगितलेत: मिथ्या म्हणजे सरळ नकार, संप्रतिपत्ति म्हणजे कबुली, कारण किंवा प्रत्यवस्कंदन म्हणजे ‘खरं आहे, पण…’ (घेतले होते पण फेडले, असं), आणि चौथा प्राङ्न्याय: ‘याच बाबतीत हा आधी माझ्याशी हरला आहे.’ मजा अशी की या चौथ्या उत्तरात शाबितीचा भार प्रतिवादीवर येतो. त्याने आधीच्या निकालाचं जयपत्र दाखवायचं.

म्हणून माझं मत ‘प्राङ्न्याय’च्या बाजूने. ‘पूर्वन्याय’ वाचून कुणाला ‘पूर्वीचे न्यायनिवाडे’, म्हणजे दाखले, असं वाटू शकतं.

जुना दिवाणीवाला
वा! आजही तसंच आहे. प्रतिवादीला ही हरकत कैफियतीत, म्हणजे त्याच्या लेखी उत्तरात, घ्यावी लागते. नुसतं ‘दावा प्राङ्न्यायाने बाधित आहे’ म्हणून भागत नाही. आधीच्या दाव्याचा अर्ज, कैफियत, काढलेले मुद्दे, निकालपत्र आणि हुकूमनामा यांच्या प्रमाणित नकला दाखल कराव्या लागतात. हरकत घेतलीच नाही तर ती सोडून दिली असं धरलं जातं. शब्दावरून मात्र भांडणार नाही, कोर्टात दोन्ही ऐकलेत. बहुतेक वकील सरळ ‘रेस ज्युडिकाटा’च म्हणतात.

ओसरी
मग प्रलंबित केस असताना दुसरी टाकली तर? आमच्या सोसायटीविरुद्ध एकाच विषयावर दोन दावे चालू आहेत.

जुना दिवाणीवाला
ते कलम १०. तिथे निकाल अजून लागलेला नाही, म्हणून नंतरच्या दाव्याची सुनावणी थांबवतात. दावा रद्द होत नाही. पुढे एकाचा निकाल लागला की दुसऱ्यात कलम ११ येतं, आणि तिथे कोणता दावा आधी दाखल झाला हे न बघता कोणता आधी निकाली निघाला ते बघतात. पण हा धागा त्याचा नाही.

नदीकाठ
मला एक खरोखरचं विचारायचंय. काकांनी शेजारच्या जमीनमालकावर कायम मनाईचा दावा केला होता, की आमच्या जागेत येऊ नको. मोकळी जागा आहे, बांधकाम काही नाही. दावा फेटाळला. अपील केलं नाही. आता घरचे म्हणतात, मालकीचा आणि कब्जा परत मिळवण्याचा दावा करू. ‘मनाईचा हरलो, मालकीचा कुठे हरलो?’ बरोबर आहे का?

टाचणी
दावा वेगळा, मागणी वेगळी. करता येणार. वर काकांनीच (वकील काकांनी) सांगितलं की मुद्दा बघतात.

जुना दिवाणीवाला
मुद्दा बघतात म्हणूनच घाई नको. नदीकाठ, निकालपत्रात सुरुवातीलाच मुद्दे आणि समोर ‘होय/नाही’ असं लिहिलेलं असेल. काय आहे?

नदीकाठ
पहिला: वादी दावा मिळकतीची मालकी शाबीत करतो काय? नाही. दुसरा: दाव्याच्या तारखेला वादीचा कायदेशीर कब्जा होता काय? नाही. तिसरा प्रतिवादी अडथळा आणतो काय याबद्दल, त्याला उत्तर ‘प्रश्न उद्भवत नाही’.

जुना दिवाणीवाला
इथेच अडचण आहे. फक्त दुसरा मुद्दा असता तर मी निश्चिंत असतो. मनाईच्या दाव्यात कब्जा हा गाभा. ‘तारखेला कब्जा नव्हता’ एवढंच ठरलं असतं, तर ते नव्या दाव्याच्या आड येत नाही. कब्जा परत मागणारा माणूस स्वतःच म्हणत असतो की कब्जा माझ्याकडे नाही, मालकी आहे.

पण इथे मालकीचा मुद्दा काढलाय आणि उत्तर ‘नाही’ आहे. आता विचारायचं की तो मुद्दा ठरवणं त्या दाव्यात आवश्यक होतं का, आणि निकाल त्यावर उभा आहे का. की कब्जा ठरवताना जाता जाता मालकीकडे नजर टाकली? जाता जाता केलेलं भाष्य बांधत नाही. बांधलेलं घर असतं तर कब्जा साक्षीपुराव्यानेच ठरतो, मालकीकडे जावंच लागत नाही. मोकळ्या जागेचं तसं नसतं. तिथे कोणी राहत नाही, पीक नाही, कुंपण नाही, मग कब्जा मालकाचा असं धरलं जातं आणि मालकीच मुख्य प्रश्न होऊन बसते. २००८ च्या अनथुला सुधाकर निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट उलगडून सांगितलाय. त्याच निकालात हेही आहे की मालकीबद्दल दोन्ही बाजूंचं नीट म्हणणं आणि मुद्दा नसेल, तर मनाईच्या दाव्यात कोर्टाने मालकीत शिरू नये.

म्हणजे तुमची जागा मोकळी असणं इथे तुमच्या विरुद्ध जाऊ शकतं.

टाचणी
मग नवीन कारण द्यायचं. आधी खरेदीखतावर मालकी सांगितली असेल तर आता वारसाहक्कावर सांगायची. हा मुद्दा तर आधी आलाच नव्हता.

कलमी आंबा
सरकारी नोकरीच्या प्रकरणांत हेच करून लोक फसतात. उत्तर प्रदेश शासन विरुद्ध नवाब हुसेन, १९७७. पोलिस उपनिरीक्षक, बडतर्फ झाला. उच्च न्यायालयात रिट केली: मला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. फेटाळली. मग दिवाणी दावा केला, आणि त्यात नवीन मुद्दा: मला नेमलं महानिरीक्षकांनी, काढलं उपमहानिरीक्षकांनी, आणि नेमणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. हा मुद्दा घटनेच्या अनुच्छेद ३११ मधला, चांगला वजनदार. रिटमध्ये कोणी तो ठरवलेलाच नव्हता. उच्च न्यायालयाने दुसऱ्या अपिलात त्याच्या बाजूने निकालही दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. म्हणालं, हे तुला तेव्हाही माहीत होतं, तेव्हा मांडता आलं असतं, मांडलं नाहीस, आता नाही.

जुना दिवाणीवाला
नेमकं. कलम ११ चं चौथं स्पष्टीकरण: जो आधार आधीच्या दाव्यात घेता आला असता आणि घ्यायला हवा होता, तो घेतला गेला आणि ठरला असंच समजायचं. रिट म्हणजे दावा नव्हे, त्यामुळे तिथे कलम जसंच्या तसं नाही, पण तत्त्व तेच लावलं. टाचणीची युक्ती इथे अडकते. दोन्ही हक्क काकांना तेव्हाही माहीत असतील, तर ‘तेव्हा सांगितला नाही’ हीच हरकत येईल.

शब्दफेरी
मग ‘सहसा’ हा शब्द कुठून येतो? अनुवादात ‘सहसा पुन्हा दाखल करता येत नाही’ असं आहे.

जुना दिवाणीवाला
‘ऐकून अंतिमतः ठरवला’ या अटीतून. दावा हरला, पण ठरलं काहीच नाही, असं पुष्कळदा होतं. कोर्ट फी कमी म्हणून दावा अर्जच नामंजूर झाला, तर नवा करता येतो. कोर्टाला अधिकारच नव्हता, तरी येतो. दोष दाखवून, परवानगी घेऊन दावा काढून घेतला, तरी येतो. परवानगी न घेता काढून घेतला तर मात्र त्याच विषयावर नवा दावा नाही, आणि हे इतकं सर्रास चुकतं की विचारू नका. नेमल्या तारखेला दोन्ही बाजू गैरहजर राहिल्या म्हणून दावा निघाला तर नवा करता येतो. फक्त वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असेल तर नाही, तिथे तोच दावा पुन्हा फायलीवर घेण्याचा अर्ज करायचा. ही बंधनं खरं तर कलम ११ ची नाहीत, त्याच संहितेतल्या आदेश ९ आणि २३ ची. आणि फसवणूक करून मिळवलेला हुकूमनामा कधीच बांधत नाही. पण ‘साक्षीदार खोटं बोलला’ ही तक्रार म्हणजे फसवणूक असं सहज मानत नाहीत.

बखरीबाहेरचा
कायद्याचा अर्थच चुकीचा लावला असेल तरीही बांधतो? अधिकारक्षेत्राबद्दल निव्वळ कायदेशीर प्रश्न असेल तर नाही, असं वाचल्याचं आठवतं.

जुना दिवाणीवाला
मथुरा प्रसाद यांच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, १९७०. हो, कोर्टाला अधिकार आहे की नाही याबद्दलचा चुकीचा कायदेशीर निर्णय पुढच्या वेगळ्या दाव्यात बांधत नाही. पण निव्वळ कायद्याचा प्रश्न कुठला आणि वस्तुस्थितीत मिसळलेला कुठला, यावर आम्ही वकील आयुष्यभर भांडलो. इथेही भांडू शकतो.

नदीकाठ
म्हणजे दावा करू की नको? प्रतिवादी पहिल्याच तारखेला उडवून लावेल का?

जुना दिवाणीवाला
पहिल्याच तारखेला सहसा नाही. अर्ज नामंजूर करताना कोर्ट फक्त तुमचा दावा अर्ज बघतं, आणि प्राङ्न्याय ठरवायला जुने कागद बघावे लागतात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितलंय. त्यामुळे दावा चालेल, वर्षं जातील आणि शेवटी त्याच मुद्द्यावर जाऊ शकेल. आधी जुन्या कैफियतीची नक्कल काढा. प्रतिवादीने तेव्हा मालकी स्पष्ट नाकारली होती का, आणि स्वतःचा हक्क कशावर सांगितला होता, ते बघा. मालकीवर पुरावाच घेतला गेला नसेल तर तुमच्या बाजूने बोलायला जागा आहे. आणि बारा वर्षांची मुदत कधीपासून धरली जाईल, हा वेगळा हिशोब आहे.

नदीकाठ
कैफियतीत ‘वादीची मालकी मान्य नाही’ एवढं एक वाक्य आहे. काकांनी खरेदीखत दाखवलं होतं, पण साक्षीदार तपासला नव्हता.

बखरीबाहेरचा
म्हणजे पुरावा होता आणि नव्हताही.

जुना दिवाणीवाला
मी अपील मुदतीनंतर, उशीर माफीच्या अर्जासह, करता येईल का ते आधी बघेन. तो निकाल उभा आहे तोवर नव्या दाव्यात त्याच्याभोवतीच फिरावं लागेल. पण उशीर किती झालाय?