शब्दचर्चा: 'शब्दांतर' म्हणजे नेमकं काय?

शेंगाचटणी: एम.ए.चा प्रकल्प, विषय सोलापूरचा मार्शल लॉ. दहा-बारा लेख वाचून लिहिलं. मॅडमनी शेरा मारला, 'उचलेगिरी. शब्दांतर करा.' सगळे शब्द बदलले, तरी शेरा तोच!
लेखातलं: 'मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आली.'
माझं: '१९३० च्या मे महिन्यात सोलापूर शहरात लष्करी कायदा जारी झाला व पुढच्या १२ जानेवारीस चौघे येरवडा तुरुंगात फासावर गेले.'

व्युत्पत्तीवेडा: देशांतर म्हणजे दुसरा देश, तसं शब्दांतर म्हणजे दुसरे शब्द. तुम्ही तेच केलंत, चूक मॅडमच्या शब्दाची. 'पुनर्कथन' म्हणायला हवं होतं.

जुनी_मिल: आमचे आजोबा चादरी विणायचे. सुताचा रंग बदलला तरी जकार्ड मागावर नक्षीचे पुठ्ठे तेच असले की फूल तेच उठतं. तुझं तसंच झालंय की गं.

गड्डेकर: पण तारखा काय कुणाच्या मालकीच्या आहेत? खाली लेखाचं नाव टाक, मोकळी हो.

मुद्रितशोधक: तारखांबद्दल बरोबर, त्या कुणाच्या नाहीत. पण नुसतं नाव टाकून भागत नाही. वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा ठेवलात तर नाव देऊनही ती उचलच. आणि मांडणी पूर्ण तुमची असली, पण 'गिरण्या होत्या म्हणून शहर पेटलं' हा निष्कर्ष लेखकाचा असला, तर त्याचं नाव द्यावंच लागतं.
मी असं करतो: लेख मिटायचा आणि मुद्दा तीन-चार शब्दांत चिठ्ठीवर लिहायचा, शेजारी लेख नि पान. मूळ शब्दच हवा असेल तर चिठ्ठीवरही अवतरणात. दुसऱ्या दिवशी समोर फक्त चिठ्ठ्या. लिहून झालं की मूळ लेख उघडून ताडायचं, कारण आठवणीतूनही वाक्यं जशीच्या तशी उतरतात. दहा लेखांच्या चिठ्ठ्या एकत्र मांडल्या की आणखी एक कळतं: पाच लेखांत एकच चूक असेल तर बहुधा चौघांनी पाचव्याचं उतरवलंय. ते पाच आधार नव्हेत, एकच.

शेंगाचटणी: असं चालेल? 'मार्शल लॉ लागला त्याला आठच महिने झाले होते, तोवर चार सोलापूरकर येरवड्यात फासावर गेले.' मला वेग दाखवायचा होता.

मुद्रितशोधक: हे तुमचं. वेगाचा मुद्दा लेखात नव्हता.

जुनी_मिल: म्हणजे शब्दांतर म्हणजे मूळ शब्दांपासून अंतर ठेवणं!

व्युत्पत्तीवेडा: व्युत्पत्ती अशी लागत नाही हो. उचलेगिरीच्या इंग्रजी शब्दाची, 'प्लॅजिअरिझम'ची ऐका: लॅटिनमध्ये 'प्लॅजिआरिअस' म्हणजे माणसं पळवणारा. कवितेच्या चोराला तो शब्द लावला एका रोमन कवीनं, आणि कवीचं नाव मार्शल!

गड्डेकर: मार्शल लॉ त्याच्यावरनंच काय बे?

व्युत्पत्तीवेडा: नाही!! पण मूळ एकच, युद्धदेव मार्स.

मुद्रितशोधक: आणि ते 'पुनर्कथन' नव्हे, 'पुनःकथन'. 'पुनः'च्या पुढे क आला की विसर्ग राहतो.

व्युत्पत्तीवेडा: मराठीत कोण पाळतं ते? रूढी बघा.

शेंगाचटणी: मॅडमना काय सांगू ते सांगा ना कुणीतरी.