उत्तर: तारीख मागा, जाब नको

> ‘तिसऱ्यांदा विचारतोय, माल कधी पाठवताय?’ असं लिहिलं की व्हेंडर गप्प बसतो. मेल कसा लिहू?

‘कधी’ला ‘दोन दिवसांत’ हे उत्तर ठरलेलंच! मी असं लिहीन:

‘नमस्कार. पर्चेस ऑर्डर 417 मधील 200 बेअरिंगपैकी 120 मिळाली, 80 बाकी आहेत. ठरलेली तारीख 5 जून होती. उरलेला माल आमच्या गेटवर कोणत्या तारखेला पोहोचेल, ते कृपया उद्या दुपारी 4 पर्यंत कळवावे.’

‘गेटवर’ मुद्दाम घातलंय. नाहीतर ते माल निघण्याची तारीख देतात आणि ट्रान्सपोर्टचे दिवस आपल्या माथी.

नवी तारीख आली की ‘मान्य’ लिहू नका, उशिराबद्दल बिलात कपात मागताना तेच आडवं येतं. ‘नोंद घेतली, पर्चेस ऑर्डरच्या अटी कायम’ एवढंच लिहा.