मदत हवी आहे: थायरिस्टर चॉपर लोडवर बंदच होत नाही, स्नबर वाढवून थकलो

लॅबमधला_मी
नमस्कार मंडळी. मी एका पॉलिटेक्निकच्या पॉवर लॅबमध्ये इन्स्ट्रक्टर आहे. मुलांना फोर्स्ड कम्युटेशन नुसतं फळ्यावर शिकवायचं मनाला पटत नाही म्हणून स्वतःच एक चॉपर बांधलाय. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे ४८ व्होल्ट, वर डीसी मोटर, तिच्यावर उलटा फ्रीव्हीलिंग डायोड, खाली मेन एससीआर बीटी१५१. त्या एससीआरला पॅरलल १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि दुसरा बीटी१५१ (त्याला टीए म्हणू), शिवाय कपॅसिटर उलटा करायला १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि डायोड. फ्रिक्वेन्सी २०० हर्ट्झ.

मोटर मोकळी असली की सगळं छान चालतं. शाफ्टवर पट्टा आवळून लोड दिला की ५ अँपिअरच्या आसपास कधीकधी, आणि ८ ला तर हमखास, मेन एससीआर बंदच होत नाही, मोटर फुल स्पीडला जाते आणि मग एमसीबी पाडल्याशिवाय थांबत नाही. दुसरा त्रास म्हणजे एमसीबी वर करताक्षणी, एकही गेट पल्स दिलेला नसताना, मोटर कधीकधी धक्का खाऊन सुरू होते.

मी हे डीव्ही बाय डीटीचं दुखणं समजून स्नबर वाढवत गेलो. आधी ०.१ मायक्रोफॅरड आणि ४७ ओम होता, मग ०.४७ केला, मग वाटलं की ४७ ओममुळेच कपॅसिटरला नीट काम करता येत नसेल म्हणून रेझिस्टर काढून थेट १ मायक्रोफॅरड लावला, आणि त्या दिवशी मेन एससीआर शॉर्ट झाला. नवा घातलाय, स्नबर पुन्हा पहिलाच ठेवलाय. पुढच्या आठवड्यात बॅचला दाखवायचंय, काय चुकतंय सांगा प्लीज.

पंप_दुरुस्ती
दादा आम्ही फॅन रेग्युलेटर आणि हीटर कंट्रोलरमध्ये सर्रास ३९ ओम आणि ०.०१ मायक्रोफॅरड टाकतो, बारा बारा वर्षं चालतात, तुमचा एवढा मोठा कशाला? तेवढा लावून बघा.

लॅबमधला_मी
दादा तुमचं एसीचं काम आहे, तिथे दर अर्ध्या सायकलला करंट आपणहून शून्यावर येतो आणि ट्रायक सुटतो. माझी बॅटरी आहे, इथे करंट शून्यावर मीच आणायचा, म्हणून तर तो दुसरा एससीआर आणि कपॅसिटर.

विजय_औरंगाबादकर
सरळ सरळ डीव्ही बाय डीटीच आहे. लोड वाढला की जंक्शन तापतं आणि तापलं की एससीआर कमी डीव्ही बाय डीटीला पण ट्रिगर होतो. हीटसिंक मोठं करा, छोटा फॅन लावा आणि स्नबर १ मायक्रोफॅरडच ठेवा, फक्त रेझिस्टरसकट. माझ्या वेल्डिंग सेटला असंच झालं होतं, फॅन लावल्यावर गेलं.

जुना_ड्राइव्हवाला
विजयराव, तापल्यावर डीव्ही बाय डीटीची ताकद कमी होते हे अगदी बरोबर. पण तापल्यावर टर्न ऑफ टाइमही वाढतो, त्यामुळे नुसत्या गरमपणावरून आजार कुठला ते कळणार नाही. आणि मला तर इथे दोन वेगवेगळे आजार दिसतायत, लक्षण एकच असल्यामुळे आपण एकाच औषधाने दोन्ही बरे करायला निघालोय.

आधी लोडचं घेऊ. टीए पेटला की लोडचा सगळा करंट कपॅसिटरमधून जातो आणि मेनच्या अॅनोडचं व्होल्टेज उणेमधून सरळ रेषेत वर चढतं. त्या चढण्याचा वेग म्हणजे करंट भागिले कपॅसिटर. ५ अँपिअर आणि १० मायक्रोफॅरड धरले तर मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट. बीटी१५१ च्या डेटाशीटला गेट उघडं ठेवूनसुद्धा किमान ५० दिलेलंय. म्हणजे तिथे शंभरपट मोकळीक आहे, कम्युटेशनचा कपॅसिटर स्वतःच एवढा मोठा स्नबर आहे की तुमच्या ०.१ किंवा १ ने त्या जागी काही फरक पडणार नाही.

मग बंद का होत नाही? कारण त्याला उलटं व्होल्टेज पुरेसा वेळ मिळत नाही. याच डेटाशीटला टर्न ऑफ टाइम ७० मायक्रोसेकंद आहे आणि तोही टिपिकल, गॅरंटी नव्हे. अॅनोड शून्याच्या खाली तेवढा वेळ राहिला नाही तर जंक्शनमधला चार्ज विरत नाही आणि व्होल्टेज जरा प्लसमध्ये आलं की एससीआर पुन्हा वाहायला लागतो. आता मला एवढंच सांगा, कपॅसिटर उलटा झाल्यावर त्याच्यावर खरंच ४८ मिळतात का? टीए पेटायच्या जरा आधी स्कोपवर बघा. चार्जर काढून ठेवा आणि स्कोपची क्लिप बॅटरीच्या मायनसलाच लावा, मेन वाहत असताना कपॅसिटरचं वरचं टोक जवळपास मायनसलाच असतं त्यामुळे प्रोब खालच्या टोकाला लावला की झालं.

लॅबमधला_मी
काका, आत्ता बघून आलो. ४८ नाही, ३६ च येतात!! कॉइल मी जुन्या एसएमपीएसच्या पिवळ्या रिंगवर बारीक तारेने गुंडाळली होती, हात लावला तर चांगली गरम.

जुना_ड्राइव्हवाला
मग हिशोब तुमच्यासमोरच आहे.

```
t = C × V / I
10 µF × 48 V / 5 A = 96 µs   (कागदावर)
10 µF × 36 V / 5 A = 72 µs   (तुमच्याकडे)
10 µF × 36 V / 8 A = 45 µs
```

५ ला काठावर, ८ ला हमखास फेल, तुम्ही जे लिहिलंत तेच. रिंग त्या उलटवण्याच्या करंटला सॅच्युरेट होते, त्या झटक्यात १५ अँपिअरचं शिखर येतं. जाड तारेची एअर कोअर कॉइल गुंडाळा आणि १० चे दोन कपॅसिटर पॅरलल करा. कपॅसिटर कुठला वापरलाय?

लॅबमधला_मी
पंपाच्या मोटरचा रन कपॅसिटर, ४४० व्होल्ट एसीचा. बुधवार पेठेतून आणला.

जुना_ड्राइव्हवाला
उत्तम, तोच हवा. इलेक्ट्रोलिटिक लावायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका, दर सायकलला तो उलटा होणार म्हणजे तापून फुटणार.

रेवती_नाशिक
लोडचं काकांनी सांगितलंच, मी एमसीबीच्या धक्क्याबद्दल लिहिते कारण तो खरा डीव्ही बाय डीटी आहे. काँटॅक्ट टेकला की ४८ व्होल्ट मायक्रोसेकंदाच्या छोट्याशा भागात येतात. ०.१ मायक्रोसेकंद धरलं तरी ४८० व्होल्ट पर मायक्रोसेकंद होतात. पण मध्ये मोटरचं वाइंडिंग आहे आणि मेनवर स्नबर आहे, म्हणजे ती उडी इतकी तीक्ष्ण पोहोचायला नको. मोटरच्या ब्रशवर आवाज दाबायला छोटा कपॅसिटर आहे का? भंगारातल्या मोटरना बहुतेक वेळा असतो.

आणि खात्री करायची असेल तर दोन्ही गेटच्या वायरी ड्रायव्हरकडून काढा, प्रत्येक गेट ते कॅथोड १०० ओम लावा आणि एमसीबी दहा-बारा वेळा वरखाली करा. तरीही मोटर उडाली तर पल्सचा काही संबंध नाही, अॅनोडकडूनच ट्रिगर होतोय.

लॅबमधला_मी
ताई, आहे! ब्रशच्या मागे ०.१ चा पिवळा कपॅसिटर सोल्डर केलेला, तो त्या मोटरबरोबरच आलेला म्हणून मी कधी बघितलाच नव्हता. तुम्ही सांगितलेली टेस्ट केली, गेट उघडं ठेवून १२ पैकी ४ वेळा मोटर उडाली, १०० ओम लावल्यावर १२ पैकी १ वेळा.

रेवती_नाशिक
म्हणजे सापडलं. व्होल्टेजची उडी वाइंडिंगमधून न येता त्या ०.१ मधून थेट एससीआरवर जाते, वाइंडिंगचा अडथळा असून नसल्यासारखा. तो काढून टाका. १०० ओम मात्र कायम ठेवा, त्याने बीटी१५१ चं किमान ५० चं २०० होतं, फक्त गेटला १५ मिलीअँपिअर त्या रेझिस्टरमध्येच जातील तेव्हा ड्रायव्हर तेवढा दमदार हवा.

आणि ४७ ओमबद्दल तुमची शंका अगदीच चुकीची नव्हती. चार्ज होताना तो रेझिस्टर खरंच आड येतो, उडी आधी रेझिस्टरवर दिसते आणि तीच एससीआरला लागते. पण तो काढायचा नसतो, त्याला पॅरलल एक फास्ट डायोड लावायचा, अॅनोड एससीआरच्या अॅनोडकडे. चार्ज डायोडमधून होतो, आणि एससीआर पेटला की डिस्चार्ज रेझिस्टरमधून, ४८ भागिले ४७ म्हणजे जेमतेम १ अँपिअर. तुम्ही रेझिस्टर काढलात तेव्हा भरलेला १ मायक्रोफॅरड आडकाठी न राहता सरळ एससीआरमध्ये ओतला गेला. पेटताना सुरुवातीला गेटजवळचा चिमूटभर भागच वाहत असतो, या पार्टला मायक्रोसेकंदाला ५० अँपिअरच्या वर नेऊ नये असं लिहिलंय, तिथेच तो भाजला.

कोकणी_इंजिनिअर
एवढं सगळं करण्यापेक्षा एक मॉस्फेट लावा ना. गेट खाली ओढलं की बंद, कम्युटेशन नाही काही नाही.

लॅबमधला_मी
सर, मोटर चालवायचीच असती तर तेच केलं असतं. मुलांना कपॅसिटरवर व्होल्टेज उलटं होताना आणि तो सरळ चढणारा उतार स्कोपवर स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा म्हणून हे चाललंय.

लॅबमधला_मी
अपडेट. ब्रशवरचा कपॅसिटर काढला, १०० ओम दोन्ही गेटला, स्नबर ०.१, ४७ ओम आणि वर डायोड. एमसीबी ३० वेळा वरखाली केला, एकदाही उडाली नाही. कॉइल जाड तारेने पीव्हीसी पाइपावर गुंडाळली, कपॅसिटर २० मायक्रोफॅरड, आता उलटं व्होल्टेज ४२ येतं. ८ अँपिअरला अॅनोड साधारण १०० मायक्रोसेकंद शून्याखाली राहतो, अर्धा तास चालवलं एकदाही अडकलं नाही. फार फार आभार.

पण आता नवीनच झालंय. मोटर मोकळी असताना स्पीड आधी खाली यायचा तेवढा येत नाही, मेनचा पल्स कितीही बारीक केला तरी. मोकळा करंट साधारण ०.६ अँपिअर.

जुना_ड्राइव्हवाला
ते त्या मोठ्या कपॅसिटरमुळेच. तो उणे ४२ वरून अधिक ४८ ला जाणार म्हणजे ९० व्होल्ट, आणि भरायला करंट फक्त लोडचा. २० मायक्रोफॅरड, ९० व्होल्ट, ०.६ अँपिअर, म्हणजे ३ मिलीसेकंद. तुमची अख्खी सायकल ५ ची. मेन बंद होऊनही मोटरला तेवढा वेळ व्होल्टेज मिळतच राहतं, ते पल्सने कसं कमी होणार. मेनला उलटा एक डायोड आणि त्याच्या सिरीजमध्ये कॉइल लावली तर कपॅसिटर लोडवर अवलंबून न राहता लवकर भरतो.

रेवती_नाशिक
मला ते जरा धोक्याचं वाटतं काका. त्याच वाटेने उलटं व्होल्टेजही लवकर संपणार, मग ८ अँपिअरला जे १०० मायक्रोसेकंद कमावलेत ते पुन्हा ७० च्या जवळ येतील. त्यापेक्षा फ्रिक्वेन्सी १०० वर आणून बघा, १० मिलीसेकंदात ३ गेले तर एवढं जाणवणार नाही, मात्र मोटरच्या करंटमधली रिपल वाढेल.

जुना_ड्राइव्हवाला
कॉइल मोठी घेतली तर वेळ इतका घटणार नाही असा माझा अनुभव आहे, पण तो ११० व्होल्टवरचा. ४८ ला मी करून बघितलेलं नाही.

लॅबमधला_मी
शनिवारी लॅब मोकळी आहे. आधी १०० हर्ट्झ करून बघतो, मग डायोड आणि कॉइल लावून ८ अँपिअरला अॅनोड किती वेळ शून्याखाली राहतो ते मोजतो. दोन्हीचे स्कोपचे फोटो इथेच टाकतो. पंपवाले दादा, तुमच्याकडे १० चे अजून दोन रन कपॅसिटर असतील तर कळवा, बॅचमध्ये दोन सेट लागणार आहेत.

पंप_दुरुस्ती
आहेत की, चार आहेत. वापरलेले चालतील का? मीटरवर ९.६ च्या आसपास दाखवतात.

लॅबमधला_मी
९.६ चालतील दादा, त्याने वेळ थोडाच कमी होतो. मेसेज करतो.